नळाच्या आट्यातून पाझर

भिंतीतल्या प्लास्टिकच्या एल्बोत अर्धा इंची नळ बसवला आणि आट्यांपाशी थेंब जमू लागला, की हात आधी पान्याकडे जातो. पण नळाचे निमुळते आटे जास्त आवळले, की पाचरीसारखे रुततात आणि एल्बो चिरतो.

त्याऐवजी पाणी बंद करून नळ काढावा, जुनी टेप साफ करावी. आट्यांचं टोक आपल्याकडे धरून, पहिला आटा मोकळा सोडून, टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून द्यावेत. उलटे दिले, तर नळ फिरवताना टेप सुटून गोळा होते.

नळ आधी हाताने घट्ट करावा, मग पान्याने साधारण एक फेरा द्यावा. तोंड सरळ करायला मागे फिरवला, तर टेप नव्याने लावावी.

एवढ्यावरही एल्बोच्या अंगातूनच पाणी येत असेल, तर तो चिरलेला असतो, बदलावाच लागतो.