भाव वाढला, हे गिऱ्हाइकाला कसं सांगावं?

लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल काढणारे छोटे उत्पादक आज महाराष्ट्रात गावोगावी आहेत. त्यांचं बरंचसं गिऱ्हाईक बांधलेलं असतं, दर महिन्याला तेच तेल नेणारं. तेलाच्या फोटोखाली नवा भाव लिहायची वेळ येते तेव्हा बहुतेक जण ‘वाढत्या महागाईमुळे नाइलाजाने’ एवढंच लिहितात. या ओळीतून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. चार ओळींत खरं कारण सांगता येतं, पण त्याआधी हिशेब स्वतःला नीट मांडता आला पाहिजे.

घाण्यावर एक लिटर तेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात. उरते ती सुमारे दीड किलो पेंड, आणि ती जनावरांच्या खाद्यासाठी विकली जाते. म्हणून तेलाचा भाव दोन बाजारांवर ठरतो: दाणे कितीला मिळाले आणि पेंड कितीला गेली.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. दाणे किलोला 110 रुपयांवरून 124 वर गेले. अडीच किलोंचे 275 होते, ते 310 झाले. पेंड मात्र 44 वरून 40 वर उतरली, म्हणजे तिचे 66 ऐवजी 60 रुपयेच आले. पेंडीचे पैसे वजा केले तर लिटरमागे दाण्यांचा खर्च 209 होता, तो 250 झाला. बाटली, वीज आणि मजुरी मिळून आणखी 3 रुपये चढले. एकूण वाढ 44 रुपये.

समजा, उत्पादकाने भाव 320 वरून 360 केला. त्या वाढीव 40 रुपयांतले जवळपास 2 रुपये जीएसटीत जातात. हातात 38 येतात आणि 6 रुपये तो स्वतः सोसतो. हे कळल्यावर मजकूर आपोआप सुचतो:

‘1 एप्रिलपासून आपल्या शेंगदाणा तेलाचा भाव लिटरला 320 ऐवजी 360 रुपये असेल. एका लिटरला अडीच किलो दाणे लागतात. दाणे किलोला 14 रुपयांनी महागले, पेंडीचा भाव उतरला, बाटली-मजुरीही थोडी वाढली. आमचा खर्च 44 रुपयांनी वाढला आहे. त्यातला काही भाग आम्ही सोसतो आहोत. दाणे तेच, घाणा तोच, माप पूर्ण एक लिटर. नेहमीच्या ग्राहकांनी 31 मार्चपर्यंत नोंदवलेलं तेल जुन्याच भावाने मिळेल. उन्हाळी भुईमूग बाजारात आला की जूनमध्ये हिशेब पुन्हा मांडू आणि इथेच कळवू.’

यात पेंडीचा उल्लेख आवर्जून ठेवावा. पेंडीचेही पैसे येतात, हे अनेक ग्राहकांना ठाऊक असतं. ती बाजू लपवली की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. कारण निवडतानाही जपावं. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं आयात शुल्क वाढवलं. त्याचा धक्का इतर तेलांच्या बाजारालाही लागू शकतो, पण आपल्याच भागातले दाणे घेऊन घाणा चालवणाऱ्याने दाण्याचा भाव न सांगता सगळी वाढ त्या शुल्कावर ढकलू नये.

तेलात फसवणुकीची एक सोपी वाट आहे ती मापाची. एक लिटर शेंगदाणा तेल वजनाला सुमारे 910 ग्रॅम भरतं. आजवर किलोने विकलेलं तेल त्याच भावात लिटरने द्यायला लागलं, तर बाटली जवळपास तशीच दिसते आणि तेल मात्र शंभरात नऊ भाग कमी मिळतं. भाववाढ एक वेळ गिऱ्हाईक समजून घेतं, पण कमी माप कळलं की ते परत येत नाही. म्हणून मजकुरात मापाचा उल्लेख हवाच.

जुन्या मालाबाबत कायदाही स्पष्ट आहे. बाटलीवर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि किंमत वाढवण्यासाठी वर नवी चिठ्ठी चिकटवता येत नाही. 320 छापलेल्या बाटल्या संपेपर्यंत 320 लाच विकायच्या. तारीख ठरवण्यापूर्वी असा माल किती शिल्लक आहे ते मोजावं.

जाहीर मजकुराआधी नेहमीच्या ग्राहकांना आठवडाभर अगोदर स्वतंत्र निरोप जावा. नवा भाव त्यांना दुकानात पैसे देताना कळू नये. त्याच महिन्यात नव्या गिऱ्हाइकांसाठी सवलत काढणंही टाळावं. जुन्यांनी जास्त द्यायचं आणि नव्यांनी कमी, हे कुणालाही रुचत नाही.

आणि जूनचं वचन पाळावं. दाणे उतरले असतील तर भाव कमी करावा. उतरले नसतील, तरी त्या दिवशीचा दाण्याचा आणि पेंडीचा भाव लिहून ‘भाव तोच राहील’ असं कळवावं. पुढची वाढ सांगायची वेळ येईल तेव्हा ग्राहक याच नोंदीवरून उत्पादकाचा शब्द जोखतील.