नावे झाकून वाचा

‘पाणी वाचवा’ या विषयावर दोन मैत्रिणींतील संवाद लिहा, असा प्रश्न भाषेच्या परीक्षेत येतो आणि उत्तरपत्रिकेत पुष्कळदा असे काही उतरते :

मीना : सविता, आज आपण पाण्याच्या बचतीबद्दल बोलू या.
सविता : हो. पाणी हे जीवन आहे. त्याचा अपव्यय टाळला पाहिजे.
मीना : तुझे म्हणणे अगदी बरोबर आहे.

यात व्याकरणाची चूक एकही नाही. तरीही हा दोन नावांत वाटून दिलेला निबंध आहे. नावे झाकून वाचले की ते लगेच कळते. कोणतीही ओळ कोणाच्याही तोंडी घातली तरी काही बिघडत नाही. मैत्रिणी विषय जाहीर करून बोलायला बसत नाहीत. समोर काहीतरी घडते, एकीला ते खटकते, दुसरीला खटकत नाही, आणि बोलणे सुरू होते.

म्हणून लिहिण्याआधी एवढेच ठरवावे : दोघी कुठे आहेत, काय चालले आहे, मत कुठे जुळत नाही. समजा, सविता गॅलरी धुते आहे आणि मीना नुकतीच आली आहे.

मीना : अगं, पाइपनं धुतेस?
सविता : मग? धूळ बघ ना किती साठलीये.
मीना : आमच्याकडे परवापासून टँकर येतोय.
सविता : काय सांगतेस! आमच्याकडे तर दोन्ही वेळ येतं पाणी.
मीना : मार्चपर्यंत आमच्याकडेही येत होतं.
सविता : बरं बाई, बादली आणते. पण पुसू लागशील ना?
मीना : लागते की. फडकं दे.

आता नावे झाकली तरी टँकरवाली कोण आणि पाइपवाली कोण, हे समजते. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला धरून आली आहे. मराठी बोलण्याच्या खास लकबीही आपोआप आल्या : ‘लागशील ना?’ला ‘हो’ऐवजी क्रियापदानेच दिलेले उत्तर, वाक्याच्या शेवटी गेलेले ‘पाणी’, आणि मत बदलल्याचे भाषण न करता बादली आणायला निघालेली सविता.

‘येतं’, ‘होतं’ लिहिले तर गुण जातील, ही भीती मुलांना असते. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांनी मात्र संभाषण रंगवताना ही अनुस्वाराची रूपे चालतात असे स्पष्ट केले आहे. एरवी ‘येते’, ‘होते’ लिहावे. एकाच पात्राच्या तोंडी दोन्हींची सरमिसळ झाली, की मात्र कानाला लगेच खटकते.

उलट टोकही टाळायला हवे. प्रत्येक वाक्यात ‘अगं’, ‘ना’, ‘बरं का’ पेरले तर बोलणे नाटकी होते. वरच्या सात ओळींत ‘अगं’ एकदाच आहे. शिवाय परीक्षकाला विषय दिसला पाहिजे. पहिल्या दोन-तीन ओळींत टँकर, नळ असे काही आले नाही, तर संवाद गॅलरीच्या स्वच्छतेवरचा वाटेल.