कुत्रीच्या तातडीच्या ऑपरेशनचा विमा दावा: बिलावरचा एक शब्द कुठे नडतो?

समजा, वाशिम जिल्ह्यातल्या शेलूबाजारच्या एका पाळीव कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला. याला पायोमेट्रा म्हणतात. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी ती मलूल होते, खाणं सोडते, सारखं पाणी पिते. अकोल्याला नेऊन तातडीने गर्भाशय आणि बीजांडं काढावी लागतात.

नसबंदीतही नेमकी हीच शस्त्रक्रिया होते. दावा अडतो तो इथेच. बिलावर नुसतं 'स्पेइंग' लिहिलं, तर विमा कंपनी ती नेहमीची नसबंदी समजते, आणि तिचा खर्च सहसा पॉलिसीत बसत नाही.

म्हणून उपचाराच्या सारांशात पायोमेट्राचं निदान, सोनोग्राफीत काय दिसलं आणि ऑपरेशन लगेच का करावं लागलं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. लक्षणं कधी सुरू झाली ती तारीखही हवी. पॉलिसीच्या प्रतीक्षा काळातला आजार कंपनी नाकारू शकते.

'ऑपरेशन व औषधे, १८,००० रुपये' अशी एकच ओळ असलेलं बिलही परत येऊ शकतं. भूल, शस्त्रक्रिया, सोनोग्राफी, सलाईन, औषधं यांची रक्कम वेगवेगळी हवी.

अर्थात, पॉलिसीतच प्रजननाचे आजार वगळले असतील, तर कितीही नीट कागद दिले तरी पैसे मिळत नाहीत.