सात उत्तरांतून आठवे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या इमारतीतल्या मुलांसाठी मी एक कोडेशोध रचला. सात रंगांचे सात कागद, प्रत्येकावर एक कोडे. सातही सुटली की त्या उत्तरांतूनच आठवे उत्तर निघणार आणि ते सांगणार की फराळाची पेटी कुठे लपवली आहे.

हा खेळप्रकार इंग्रजीत ‘पझल हंट’ म्हणून ओळखला जातो. त्यातला सर्वात नावाजलेला अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत दर जानेवारीत भरतो. तिथल्या ब्रॅड शेफर नावाच्या विद्यार्थ्याने 1981 मध्ये तो सुरू केला. एका कागदावर बारा छोटी कोडी होती आणि त्यांची उत्तरे मिळून संस्थेच्या आवारात लपवलेल्या एका जुन्या नाण्याची जागा सांगत होती. आज तिथे शंभराहून अधिक कोडी असतात, तरी शेवटी शोधायचे असते ते नाणेच. जिंकणाऱ्या संघाने पुढच्या वर्षीचा शोध रचायचा, हा तिथला रिवाज आहे. सुटलेल्या उत्तरांवर उभे असलेले जे शेवटचे कोडे, त्याला या खेळातले लोक ‘मेटा’ म्हणतात. मेटाची सर्वात साधी रीत म्हणजे प्रत्येक उत्तराचे पहिले अक्षर घ्यायचे आणि ती अक्षरे ठरलेल्या क्रमाने वाचायची.

ऐकायला हे अगदी सोपे वाटते. मलाही तसेच वाटले होते. रचायला बसल्यावर कळले की अक्षरे मिळवणे हा यातला लहान भाग आहे. खरे कोडे क्रमात असते.

एक छोटे उदाहरण घेऊ. तीन कोड्यांची उत्तरे आली: कणीस, मसूर, लसूण. पहिली अक्षरे क, म, ल. आता उत्तर ‘कमल’ की ‘कलम’? दोन्ही शब्द खरे आहेत आणि अक्षरे दोन्हींना तंतोतंत पुरतात. क्रम दिला नसेल तर सोडवणाऱ्याने कितीही डोके चालवले तरी निर्णय होणार नाही. कुणी म्हणेल, उत्तरे वर्णमालेच्या क्रमाने लावू. पण तसे केले की पहिली अक्षरेही आपोआप वर्णमालेच्या क्रमाने येतात, म्हणून ‘कमल’ मिळू शकेल, ‘कलम’ कधीच मिळणार नाही. आद्याक्षरांच्या मेटात उत्तरांचा स्वतःचा अकारविल्हे क्रम असा कुचकामी ठरतो. क्रम बाहेरून यावा लागतो: कोड्यांच्या अंकांवरून, शीर्षकांवरून, चित्रांवरून किंवा माझ्यासारखा कागदाच्या रंगावरून. मुरलेले खेळाडू उलट बाजूनेही विचार करतात. कोड्यांची यादीच शीर्षकांच्या अकारविल्हे लावून दिलेली दिसली, की ते ओळखतात की या मांडणीत काही दडलेले नाही, खरा क्रम दुसरीकडे आहे.

मी रंग निवडले, कारण रंगांचा क्रम मराठी मुलांना शाळेपासून तोंडपाठ असतो. तानापिहिनिपाजा: तांबडा, नारंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. गंमत म्हणजे हा शब्दही आद्याक्षरे क्रमाने जोडूनच झालेला आहे. शिवाय त्यात एक नियम दडला आहे. ‘तांबडा’चे पहिले अक्षर खरे तर ‘तां’, पण आपण ‘ता’ म्हणतो. ‘जांभळा’चे ‘जा’ म्हणतो. अनुस्वार सोडला तरी चालते, हे ज्याने हा शब्द घडवला त्याने आधीच ठरवून टाकले होते.

इथे मराठीची वाट इंग्रजीपासून वेगळी होते. इंग्रजीत सव्वीस सुटी अक्षरे आहेत. आपल्याकडे पहिले अक्षर म्हणजे नुसते व्यंजन धरायचे की काना, मात्रा, वेलांटीसकट, हे आधी ठरवावे लागते. मी वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याची रीत घेतली. एका चौकोनात बसते ते एक अक्षर, मग ते जोडाक्षर का असेना. ही रीत मुलांना वेगळी शिकवावी लागली नाही.

पेटी मला माळ्यावर ठेवायची होती. पण ‘माळ्यावर’ लिहायचे तर ‘ळ्या’ने सुरू होणारा शब्द हवा आणि मराठीत ‘ळ’ने शब्दच सुरू होत नाही. कमळ, पळस, माळा ही उत्तरे आद्याक्षरांतून काढताच येत नाहीत. अशा वेळी पहिल्याऐवजी दुसरे किंवा तिसरे अक्षर घ्यावे लागते आणि मग कितवे अक्षर घ्यायचे हेही सांगावे लागते. मी जागाच बदलली. पेटी जिन्याखाली गेली आणि शेवटचे उत्तर ठरले ‘जिन्याखालील पेटी’. अक्षरे बरोबर सात: जि, न्या, खा, ली, ल, पे, टी.

मग त्यांना शब्द शोधले. तांबड्या कागदाचे उत्तर जिलबी, नारंगीचे न्याहारी, पिवळ्याचे खारीक, निळ्याचे लगोरी, पारव्याचे पेरू. ‘ली’ने मला रात्रभर अडवले. मराठीत शब्दाच्या शेवटी इकार दीर्घ लिहितात, पण लांब शब्दांच्या सुरुवातीला तो बहुधा ऱ्हस्व असतो. म्हणून ‘खाली’तली किंवा ‘पेटी’तली दीर्घ वेलांटी पहिल्या अक्षरात आणणारे शब्द थोडेच सापडतात. शेवटी लीळाचरित्र आठवले. महानुभाव पंथाचा म्हाइंभटांनी सिद्ध केलेला हा ग्रंथ मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानला जातो. आठवीतल्या मुलांना तो ओळखता येईल, या भरवशावर तो हिरव्या कागदावर गेला. ‘टी’साठी मी टीपकागद घेतला, शाईचा डाग पिणारा. ती निवड चुकली, ते पुढे येईलच.

उत्तरे कधीच क्रमाने सुटत नाहीत. मुलांना पहिल्यांदा पेरू मिळाला, मग लगोरी, मग जिलबी. हातात पे, ल, जि. यातून काही होत नाही. सात अक्षरे मांडण्याच्या 5040 तऱ्हा असतात. पण आपली अक्षरे इंग्रजीपेक्षा जास्त बोलकी आहेत. ‘न्या’ आल्याबरोबर एक मुलगी म्हणाली, “हे कशाच्या तरी मध्येच असणार.” न्यायालय सोडले तर तिला न्याने सुरू होणारी जागा आठवत नव्हती. तिचा तर्क बरोबर होता.

रंगांचा क्रम लक्षात आल्यावर त्यांनी सात चौकोन आखले. मग पहिली अडचण आली. एका मुलाने पेरू चौथ्या चौकोनात टाकला, कारण पेरू हिरवा असतो. थोड्या वेळाने लीळाचरित्र सुटले, तेही हिरव्या कागदावरचे, आणि एका जागेला दोन दावेदार झाले. रंग उत्तराचा की कागदाचा, हे मी कुठेच स्पष्ट केले नव्हते. सुदैवाने लगोरीला आणि न्याहारीला स्वतःचा रंग नाही, म्हणून त्यांचे त्यांनाच कळले की कागदच पाहायला हवा. क्रमाची खूण प्रत्येक कोड्याला लागू पडत नसेल, तर ती खूण चुकीची धरली आहे असे समजावे.

दुसरी अडचण जिन्यातल्या अंधुक दिव्याने आणली. पारवा आणि निळा कागद त्या उजेडात सारखेच दिसत होते. त्यांची अदलाबदल झाली आणि वाचन आले ‘जिन्याखाली पेलटी’. ही चूक कशी ओळखायची, ते पाहण्यासारखे आहे. सुरुवातीची चार अक्षरे नीट वाचता येतात, शेवटचे ठीक वाटते आणि मधली शेजारची दोनच अक्षरे बिघडलेली असतात. असे झाले की उत्तरे तपासू नयेत, क्रम तपासावा. याउलट सगळे नीट वाचता येते आणि एकच अक्षर खटकते, तेव्हा क्रम बरोबर असतो आणि त्या जागचे उत्तर चुकलेले असते. आणि काहीच वाचता येत नसेल, तर बहुधा पहिली अक्षरे घेण्याची कल्पनाच चुकीची असते.

पिवळे कोडे कुणालाच सुटत नव्हते. सुक्या मेव्यातला तीन अक्षरी शब्द हवा होता आणि ‘बदाम’, ‘बेदाणा’, ‘अक्रोड’ असे एकेक करून पाहणे चालले होते. तोवर बाकीची सहा अक्षरे जागेवर बसली होती: जि, न्या, रिकामी जागा, ली, ल, पे, टी. रिकाम्या जागी ‘खा’ हे वाचताक्षणी कळले. मग ‘खा’ने सुरू होणारा तीन अक्षरी सुका मेवा म्हणजे खारीक. शेवटच्या उत्तरावरून मागे येऊन कोडे सोडवण्याला ‘बॅकसॉल्व्ह’ म्हणतात. मोठ्या शोधांत संघ सर्रास असे करतात आणि ती लबाडी मानली जात नाही. मात्र हे घडते ते क्रम माहीत असल्यामुळेच. सहा अक्षरे नुसती विखुरलेली असती, तर सातवे कुठे बसते हे कळले नसते.

आद्याक्षरांच्या रीतीची मर्यादाही यातच आहे. तीनचतुर्थांश उत्तरे आली की उरलेले डोळ्यांनी भरता येते. सराव असलेला माणूस उत्तरांची यादी हाती येताच सर्वात आधी पहिली अक्षरेच वाचून पाहतो. म्हणून अनुभवी खेळाडूंसाठी रचणारा क्रम लपवतो आणि तो सापडणे हेच मेटाचे काम ठरते. लहान मुलांच्या शोधात तसे करू नये, पण क्रम एकच आणि निःसंदिग्ध हवा, हे दोन्हीकडे सारखेच लागू आहे.

टीपकागदाची गोष्ट राहिली. जांभळे कोडे एका मुलाने आजोबांना विचारून सोडवले आणि ‘टिपकागद’ असे ऱ्हस्व लिहिले. वाचन आले ‘पेटि’. मुलांना पेटी सापडली खरी, पण शंका आल्यामुळे ती दहा मिनिटे पुन्हा सातही उत्तरे तपासत बसली. दोष त्या मुलाचा नव्हता. ज्या शब्दाचे पहिले अक्षर लोक दोन तऱ्हांनी लिहितात, तो शब्द मेटात घालायला नको होता. तुम्ही या सुट्टीत असा शोध रचणार असाल, तर ‘टी’साठी ‘टीका’ घ्या आणि कागदांच्या रंगांतून पारवा वगळून दुसरी कुठलीही ठळक खूण निवडा.