नऊ फुटांची खोली

मॅडमनी आमच्या घराचा पहिला नकाशा दिला, तो आम्ही जेवणाच्या टेबलावर पसरला आणि घरातल्या प्रत्येकानं त्यात आपापली खोली शोधली. आईनं तिची खोली पाहिली. मागच्या बाजूची, 9 बाय 11 फुटांची. ती काहीच बोलली नाही, पण मला वाटलं खोली लहान आहे. मी त्याच संध्याकाळी फोन केला. आईची खोली मोठी करा, तिचं बाथरूम मोठं करा, आणि जमलं तर स्वयंपाकघरही थोडं वाढवा. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हे वाढवायचे फूट कुठून काढू?"

या प्रश्नाचं उत्तर नकाशावरच होतं. घराच्या मागच्या बाजूला तीन गोष्टी एका ओळीत होत्या: आईची खोली 9 फूट रुंद, तिला लागून बाथरूम 4 फूट आणि पलीकडे स्वयंपाकघर 9 फूट. आतली मापं मिळून 22 फूट. त्यात दोन्ही टोकांच्या नऊ इंची भिंती आणि मधल्या दोन साडेचार इंची भिंती मिळवल्या की बाहेरून सव्वाचोवीस फूट होतात. त्यापलीकडे दोन्ही बाजूंना नियमाप्रमाणे सोडायची सामासिक अंतरं, तिथे एक इंचही सरकता येत नाही. म्हणजे जे काही करायचं ते 22 फुटांतच. एकाला दिलेला फूट दुसऱ्याकडून घ्यायचा.

मॅडम म्हणाल्या, "फोनवर नको. लिहून पाठवा. आणि किती मोठं हवं यापेक्षा का हवं ते लिहा."

मग मी टेप घेऊन बसलो. आईच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं आहे, गेल्या दोन वर्षांपासून ती वॉकर धरून चालते. वॉकरची रुंदी मोजली, 25 इंच भरली. आत्ताच्या घरातल्या बाथरूमचा दरवाजा मोजला. सुतार त्याला अडीच फुटी म्हणतो, पण ते माप चौकटीच्या बाहेरून असतं. दोन्ही बाजूंच्या चौकटीचं लाकूड अडीच-अडीच इंच खातं, उघडलेल्या फळीची जाडी आणखी सव्वा इंच. हातात उरतात पावणेचोवीस इंच. आई रोज बाथरूमच्या दाराशी वॉकर सोडून, चौकट धरून आत का जाते, हे मला त्या दिवशी टेपवर दिसलं. मी रोज बघत होतो आणि तिची सवय समजत होतो. नव्या नकाशात तोच अडीच फुटी दरवाजा होता.

दुसरी गोष्ट प्लास्टरची. नकाशावरची मापं बहुतेक वेळा विटेच्या भिंतीपासून भिंतीपर्यंतची असतात. आतून दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच प्लास्टर चढतं, म्हणून 9 फुटांची खोली प्रत्यक्षात 8 फूट 11 इंच भरते. बाथरूममध्ये प्लास्टरवर टाइल्स येतात, तिथे एका बाजूला इंचभर धरावा लागतो. झोपायच्या खोलीत एवढ्यानं बिघडत नाही. चार फुटी बाथरूममध्ये मात्र दोन इंच जातात तेव्हा कळतात.

पत्राचा कच्चा मजकूर दोनदा फाडला. शेवटी गेलं ते पत्र असं होतं:

"मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुम्ही पाठवलेल्या तळमजल्याच्या नकाशात पुढील बदल सुचवतो. सगळी मापं आतली, प्लास्टरच्या आधीची आहेत.

आईची खोली 9 बाय 11 आहे, ती 11 बाय 11 हवी असं मला वाटतं. कारण असं: तिचा पलंग साडेतीन फूट रुंद आहे, कपाट 2 फूट खोल. ती आज वॉकरनं चालते, उद्या चाकाची खुर्ची लागू शकते, आणि खुर्ची जागच्या जागी वळवायला 5 फूट मोकळी जमीन लागते. तिन्हीची बेरीज साडेदहा फूट होते.

बाथरूम 4 बाय 8 आहे, ते 5 बाय 8 हवं. आईला कमोडवरून उठताना कुणीतरी बाजूला उभं राहावं लागतं. चार फुटांत कमोडच्या कडेला जेमतेम पावणेदोन फूट उरतात, तिथे माणूस उभा राहतो पण वाकता येत नाही. दार उघडल्यावर मधून 32 इंच मोकळे मिळावेत. चौकट किती इंचांची घ्यायची ते तुम्ही ठरवा. दार आत उघडणारं नको. आई आत पडली आणि दाराला अडकली, तर बाहेरून ढकलता येणार नाही. उंबरा नको.

खोलीच्या खिडकीचा कट्टा 3 फुटांवर आहे, तो 2 फुटांवर घ्यावा. आई दुपारी पडून असते. तीन फुटांच्या कट्ट्यावरून तिला फक्त आभाळ दिसेल, अंगण दिसणार नाही.

स्वयंपाकघर 9 बाय 11 आहे. सकाळी सहा ते आठ आम्ही दोघंही तिथे असतो, म्हणून समोरासमोर दोन ओटे हवेत. त्यासाठी किती रुंदी लागेल ते सांगावं. कमी करता येत असेल तर आमची हरकत नाही.

जिन्याच्या पायऱ्या 6 इंचांच्या करता येतील का?

हॉलची रुंदी आणि देवघराची जागा बदलू नये, ती सर्वांना आवडली आहे."

शेवटचं वाक्य पत्नीनं लिहायला लावलं, आणि ते फार उपयोगाचं ठरलं. काय बदलायचं तेवढंच सांगितलं, तर दुरुस्ती करताना जे आवडलं होतं तेच सरकतं आणि पुढच्या नकाशात नवी भांडणं उभी राहतात.

आठवड्यानं मॅडमचा सुधारलेला नकाशा आला. आईची खोली 9 फूटच होती. मी आधी चिडलो. मग खालचा मजकूर वाचला.

त्यांनी कपाट खोलीतून काढलं होतं. बाथरूमची लांबी 8 फूट आणि खोलीची 11, त्यामुळे बाथरूमच्या पुढे, जेवणघराच्या बाजूला, मधली भिंत वजा जाता सुमारे अडीच फुटांचा एक खोबण उरत होता. पहिल्या नकाशात तिथे हात धुवायचं बेसिन होतं. मॅडमनी त्या खोबणाचे दोन भाग केले. एका भागात 2 फूट खोल कपाट, त्याचं तोंड आईच्या खोलीकडे. दुसऱ्या भागात बेसिन, त्याचं तोंड जेवणघराकडे. कपाट गेल्यावर हिशेब सोपा झाला: 9 फुटांतून पलंगाचे साडेतीन गेले, साडेपाच उरले. प्लास्टर धरूनही खुर्ची वळते. मला 2 फूट हवे होते असं मी समजत होतो. हवी होती ती 5 फूट मोकळी जमीन, आणि ती भिंत न हलवता मिळाली. मी नुसतं "खोली 11 फूट करा" लिहिलं असतं, तर त्यांनी एकतर नाही म्हटलं असतं किंवा स्वयंपाकघर कापून 11 करून दिली असती.

बाथरूमला मात्र खरोखर एक फूट लागत होता, आणि तो स्वयंपाकघरातून आला. दोन्ही ओटे 2-2 फुटांचे. 9 फुटांत मधली जागा 5 फूट राहते, म्हणजे शेगडीवरून मागे वळून समोरच्या ओट्यावरचं काही घ्यायचं तर दरवेळी पाऊल टाकावं लागतं. 8 फुटांत मधे 4 फूट राहतात. दोघं पाठीला पाठ लावून काम करू शकतात आणि वळलं की हात पोहोचतो. फ्रिज ओट्यापेक्षा जास्त खोल असतो, तो मधल्या जागेत पुढे येऊ नये म्हणून त्याच्या समोरचा ओटा तेवढाच आखूड केला. म्हणजे फूट गेला तरी स्वयंपाकघर सोयीचं झालं.

ही एक भिंत फूटभर सरकवायला कागदावर दोन मिनिटं लागतात, पण तिच्याबरोबर बरंच काही सरकतं. भिंतीच्या टोकाला कॉलम होता. भिंत हलली आणि कॉलम तिथेच राहिला, तर तो बाथरूमच्या कोपऱ्यात उघडा पडतो. वरच्या मजल्यावर त्याच जागी बाथरूम होतं. वरची भिंत जुन्या जागी ठेवली, तर ती खालच्या बीमवर न येता स्लॅबच्या मधोमध बसते आणि पाइपांनाही वळसा पडतो. म्हणून वरचं बाथरूमही 5 फुटांचं केलं आणि वरच्या खोलीचा एक फूट गेला. हे आरसीसी डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरांकडे नकाशा जायच्या आधी झालं म्हणून निभावलं. पत्र पाठवायची वेळ हीच. नकाशा मंजुरीला गेल्यावर असे बदल म्हणजे सुधारित नकाशा आणि पुन्हा परवानगी. पाया भरल्यावर तर कॉलम जिथे आहे तिथेच राहतो, आणि मग भिंतीनं त्याच्याशी जुळवून घ्यायचं.

दार सरकतं केलं. बाहेर उघडणारं केलं असतं, तर फळी नेमकी खुर्ची वळवायच्या जागेत आली असती. खिडकीचा कट्टा 2 फुटांवर आला, बाहेरून जाळीसह.

जिन्याला मात्र नकार मिळाला. तळापासून वरच्या स्लॅबपर्यंत 10 फूट, म्हणजे 120 इंच. नकाशात 18 पायऱ्या होत्या, प्रत्येक पावणेसात इंचांना थोडी कमी. 6 इंचांच्या केल्या तर 20 लागतात, म्हणजे दोन्ही टप्प्यांत एकेक पायरी जास्त, आणि जिना 10 इंचांनी लांबतो. ते 10 इंच हॉलमधून जाणार होते. मॅडमनी समासात लिहिलं होतं: "आई खालीच राहणार, हॉल बदलू नये असं तुम्हीच लिहिलंय." पुढे वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

लाइनआउटच्या दिवशी मिस्त्रीनं फक्कीनं जमिनीवर घर आखलं. उघड्या रानात आखलेल्या खोल्या भलत्याच लहान दिसतात, तिथे घाबरून मापं वाढवायला सांगणारे पुष्कळ असतात. मलाही वाटलं, नऊ फूट एवढेच? आईला गाडीतून उतरवून तिच्या खोलीच्या रेघांत आणलं. पलंगाची जागा मी विटा मांडून दाखवली. उरलेल्या जागेत तिनं वॉकर सावकाश गोल फिरवला, एक पूर्ण वळसा. वॉकरचा पाय कुठल्याच रेघेला लागला नाही.

मग ती विटांच्या चौकोनाकडे तोंड करून उभी राहिली आणि विचारलं, "उशी कुठल्या अंगाला?" मी दाखवलं. तिनं त्या बाजूनं मागच्या रेघेकडे, खिडकीच्या जागेकडे पाहिलं. रेघेपलीकडे शेजारच्या बांधावरचा शेवगा होता.

"दिसतोय," ती म्हणाली.