विसरलेला फ्लॅग आणि सेहेचाळीस कोटी डॉलर

२००८ च्या वसंतात फेसबुकने चॅटची सोय सुरू केली, तेव्हा त्याचे सुमारे सात कोटी वापरकर्ते होते. एवढ्या लोकांसाठी एका दिवसात नवी यंत्रणा उघडायची आणि ती कोसळली तर काय, हा प्रश्न अभियंत्यांपुढे होता. त्यांनी चॅटचा कोड आधीच खऱ्या सर्व्हरवर चढवला, पण पडद्यावर त्यातले काहीच दाखवले नाही. लोक नेहमीसारखे फेसबुक पाहत होते आणि त्यांच्या नकळत त्यांची पाने चॅटच्या सर्व्हरशी जोडली जात होती, लटके संदेशही पाठवत होती. सर्व्हर किती भार पेलतात हे अशा प्रकारे कळल्यावरच चॅटची खिडकी लोकांना दिसू लागली.

कोड सर्व्हरवर पोहोचणे आणि सोय लोकांना दिसणे या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे यातले मर्म. त्यासाठी आज सर्रास वापरले जाणारे साधन म्हणजे फीचर फ्लॅग. एखाद्या ऑनलाइन दुकानात पैसे भरण्याचे नवे पान तयार होत असेल, तर कोडमध्ये एवढीच भर पडते:

```
if (flags.isOn("new-checkout", user)) {
    showNewCheckout();
} else {
    showOldCheckout();
}
```

`new-checkout` हा फ्लॅग बंद असेपर्यंत ग्राहकाला जुनेच पान दिसते. नवे पान अर्धवट असले तरी त्याचा कोड रोज मुख्य कोडमध्ये मिसळत राहतो. त्यामुळे तीन महिने वेगळी वाढवलेली शाखा शेवटी एकदम जोडताना होणारी ओढाताण टळते. पान पूर्ण झाले की फ्लॅग आधी फक्त कंपनीतल्या लोकांसाठी चालू करतात, मग एक टक्का ग्राहकांसाठी, मग दहा, मग पन्नास. ग्राहकाचा क्रमांक आणि फ्लॅगचे नाव यांवरून एक ठरावीक आकडा काढला जातो. त्यामुळे आज नवे पान पाहिलेल्या ग्राहकाला उद्या पुन्हा जुने दिसत नाही. मध्येच पैसे भरताना चुका वाढल्या, तर फ्लॅग बंद करायचा. नवा कोड चढवण्याची वाट पाहावी लागत नाही.

हे सगळे सुरळीत पार पडते. फ्लॅग शंभर टक्क्यांवर जातो, संघ पुढच्या कामाला लागतो आणि धोका नेमका इथे सुरू होतो. `else` खालचा जुना कोड आता कोणी वापरत नाही, तपासत नाही, पण तो सर्व्हरवर जिवंत असतो. त्याच्या आसपासचा कोड बदलत जातो आणि त्या बदलांनंतरही जुना रस्ता नीट चालतो का, हे कोणी पाहत नाही.

असा कोड अचानक जागा झाला तर काय होते, याचा अतिशय महागडा दाखला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीचा आहे. न्यू यॉर्क शेअर बाजार १ ऑगस्ट २०१२ रोजी किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू करणार होता. ग्राहकांच्या ऑर्डरी बाजारात पाठवणारी कंपनीची प्रणाली त्यासाठी बदलायची होती. या प्रणालीत ‘पॉवर पेग’ नावाची एक जुनी सोय होती. तिचा वापर २००३ मध्येच थांबला होता, पण कोड काढलेला नव्हता. एका मोठ्या ऑर्डरीसाठी छोट्या छोट्या ऑर्डरी बाजारात पाठवायच्या आणि हवे तेवढे शेअर मिळाले की थांबायचे, असे तिचे काम. किती शेअर मिळाले हे मोजणारा भाग २००५ मध्ये कोडमध्ये दुसरीकडे हलवला गेला. त्यानंतर पॉवर पेगला थांबायचे कधी हे कळण्याची सोय उरली नाही. ती वापरातच नसल्याने कोणी पुन्हा चाचणीही घेतली नाही.

नव्या योजनेसाठी कंपनीने नवा फ्लॅग घेतला नाही. पूर्वी पॉवर पेग चालू करणारा फ्लॅगच पुन्हा वापरला. जुना कोड काढून टाकायचा आणि त्याच फ्लॅगवर नवा कोड चालवायचा, असा बेत होता. नवा कोड आठ सर्व्हरवर टप्प्याटप्प्याने चढवला गेला. पण सातच सर्व्हरवर पोहोचला. आठवा राहिला. दुसऱ्या कोणी पडताळून पाहावे असा लेखी नियम कंपनीत नव्हता.

त्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वीच प्रणालीने पॉवर पेगचा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले. मात्र हे ईमेल धोक्याची सूचना म्हणून आखलेले नव्हते, म्हणून त्यांची दखल घेतली गेली नाही. साडेनऊला बाजार उघडला. सात सर्व्हरवर फ्लॅगचा अर्थ ‘नवी योजना’ होता, आठव्यावर ‘पॉवर पेग’. आठव्याकडे आलेल्या प्रत्येक ऑर्डरीमागे छोट्या ऑर्डरी सुटू लागल्या आणि थांबेचनात.

गडबड लक्षात आल्यावर अभियंत्यांनी उपाय म्हणून नवा कोड सातही सर्व्हरवरून काढला. पण येणाऱ्या ऑर्डरींवर फ्लॅग तसाच चालू होता. त्यामुळे आता सगळ्याच सर्व्हरवर पॉवर पेग जागी झाली. अवघ्या २१२ ऑर्डरी पूर्ण करताना सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले आणि कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. बाहेरच्या गुंतवणूकदारांनी ४० कोटी डॉलर ओतून तिला तगवले, पण २०१३ मध्ये तिचे गेटको या कंपनीशी विलीनीकरण झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने तिला १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला. त्या सकाळच्या गडबडीचा तपशील त्या आदेशात नोंदलेला आहे.

वापर संपला तेव्हाच पॉवर पेगचा कोड काढला असता, तर एक सर्व्हर चुकूनही असे घडले नसते.

मात्र फ्लॅग काढण्यालाही क्रम असतो. समजा, `new-checkout` शंभर टक्क्यांवर जाऊन काही आठवडे कुरकुरीविना गेले. अशा वेळी फ्लॅगच्या यादीतून नाव उडवून टाकण्याचा मोह होतो, आणि तिथेच घात होतो: यादीत नसलेला फ्लॅग बहुतेक प्रणाली ‘बंद’ समजतात, म्हणजे सगळ्या ग्राहकांपुढे जुने पान उभे राहते. म्हणून आधी कोडमधली अट, `else` ची शाखा, `showOldCheckout` आणि त्याच्या चाचण्या काढाव्या लागतात. मग तो बदल प्रत्येक सर्व्हरवर पोहोचल्याची खात्री करायची. फ्लॅगबद्दल कोणताही सर्व्हर आता विचारणा करत नाही हे नोंदींमध्ये दिसले, की मगच नाव यादीतून काढायचे. ते नाव पुन्हा कधीही दुसऱ्या कामासाठी वापरायचे नाही.

शिळे फ्लॅग ओळखणे फार अवघड नाही. महिनोन्‌महिने प्रत्येक वापरकर्त्याला एकच उत्तर देणारा फ्लॅग बहुधा शिळाच असतो. त्याला अपवाद आहे तो संकटकाळी एखादी जड सोय बंद करण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या फ्लॅगचा. त्याची वेगळी नोंद हवी आणि अधूनमधून तो चालवूनही पाहायला हवा. उबर कंपनीकडे मोबाइल ॲपमधले शिळे फ्लॅग इतके साचले, की तिने ते कापून काढणारे ‘पिरान्हा’ नावाचे साधनच बनवले आणि २०२० मध्ये सर्वांसाठी खुले केले. हे साधन कोडमधला बदल तयार करते, पण मंजुरी माणूसच देतो, कारण फ्लॅग खरोखर संपला आहे का हे त्याच्या कर्त्यालाच नीट ठाऊक असते.

म्हणून प्रत्येक फ्लॅगसोबत पहिल्याच दिवशी दोन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: तो काढण्याची जबाबदारी कोणाची आणि कोणत्या तारखेपर्यंत. ती तारीख उलटली की नापास होणारी एक चाचणी लिहिली, तर आठवण ठेवण्याची गरजच उरत नाही. सहकाऱ्याचा कोड तपासणाऱ्याने फ्लॅग दिसताच या दोन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर नसेल तर तो बदल मंजूर करू नये.