हिरव्या कँडलच्या पोटात

‘आज खरेदीदार जास्त होते, म्हणून बाजार वाढला’ हे वाक्य आपण रोज ऐकतो. पण प्रत्येक सौद्यात जेवढे लॉट कोणी घेतो, तेवढेच दुसरा कोणी विकत असतो. दोन्ही बाजू नेहमी सारख्याच. खरा प्रश्न वेगळा आहे: घाई कोणाला होती?

निफ्टी फ्युचरच्या ऑर्डर बुकात एका बाजूला घेणारे आपला भाव लावून थांबलेले असतात, तो बिड. दुसऱ्या बाजूला विकणारे थांबलेले असतात, तो आस्क. दोघेही थांबून राहिले तर सौदा होत नाही. कोणीतरी पुढे सरकून समोरच्याचा भाव मान्य करतो, तेव्हाच तो होतो. आस्कचा भाव मोजून घेणारा तो आक्रमक खरेदीदार आणि बिडवर माल टाकणारा तो आक्रमक विक्रेता. फुटप्रिंट चार्ट कँडल उघडून प्रत्येक भावापुढे हेच दोन आकडे लिहितो: डावीकडे बिडवर विकलेले लॉट, उजवीकडे आस्कवर घेतलेले. उजव्या बेरजेतून डावी वजा केली की त्या कँडलचा डेल्टा मिळतो.

एक कल्पित पाच मिनिटांची कँडल घेऊ. सोयीसाठी पाच-पाच अंकांचे टप्पे धरले आहेत.

२५,००० : ९० × ६४०
२४,९९५ : २१० × ३८०
२४,९९० : २४० × ३१०
२४,९८५ : १८० × २२०
२४,९८० : १३० × १००

आक्रमक विक्री ८५० लॉट, आक्रमक खरेदी १,६५०, म्हणजे डेल्टा अधिक ८००. कँडल हिरवी आहे, बंद २४,९९२ ला. नवख्या माणसाला यात जोर दिसतो. मला मात्र सगळ्यात वरची ओळ खटकते. २५,००० ला ६४० लॉट घाईने उचलले गेले, तरी भाव त्यापुढे एक पाऊल सरकला नाही. म्हणजे तिथे कोणीतरी शांतपणे विकायला बसला आहे आणि येईल त्या खरेदीदाराला माल देतो आहे. फुटप्रिंट वाचणारे याला ‘अ‍ॅब्सॉर्प्शन’ म्हणतात. साध्या कँडलमध्ये हा विक्रेता दिसतच नाही, कारण त्याने भाव खाली ढकललेला नसतो.

पुढच्या कँडलमध्ये आणखी १,४०० लॉट आस्कवर घेतले गेले आणि ९०० बिडवर विकले गेले असं समजा. भाव पुन्हा २५,००० ला टेकला आणि २४,९८४ ला बंद झाला. प्रत्येक कँडलचा डेल्टा आधीच्या बेरजेत मिळवत जाणारी रेषा म्हणजे क्युम्युलेटिव्ह व्हॉल्यूम डेल्टा, बोलताना सीव्हीडी. या दोन कँडलमध्ये ती १,३०० ने वर गेली, भाव मात्र आठ अंक खाली बंद झाला. वर चढून घेणारे आता तोट्यात आहेत. त्यांनी सौदे कापले की त्यांचीच विक्री भाव आणखी पाडू शकते.

‘पाडू शकते’ एवढंच. थांबून विकणाऱ्याचा माल संपला तर तीच खरेदी भिंत फोडून वर जाते. म्हणून भाव २५,००० च्या वर टिकला की हे वाचन चुकलं असं मानून बाजूला व्हायचं. शिवाय आक्रमक खरेदी म्हणजे तेजीचं मत असंही नव्हे. शेअर विकून त्याच वेळी फ्युचर घेणारा आर्बिट्राजवालाही आस्कवरच घेतो. सीव्हीडीच्या निव्वळ आकड्यालाही अर्थ नाही. मोजणी ९:१५ पासून धरली की कालपासून, यावर तो बदलतो. भावाच्या जोडीने रेषा कुठे वळते, तेवढंच पाहायचं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, विदेची. शिकागोच्या सीएमईच्या डेटा फीडमध्ये आक्रमक बाजू कोणती हे एक्सचेंजच कळवतं. आपल्याकडे ब्रोकरच्या अ‍ॅपमधून येणारी विदा बहुधा ठराविक क्षणांची छायाचित्रं असते. दोन छायाचित्रांमध्ये झालेले अनेक सौदे एकाच आकड्यात मिसळतात आणि ते बिडवर झाले की आस्कवर, हे सॉफ्टवेअर अंदाजाने ठरवतं. चार्ल्स ली आणि मार्क रेडी यांनी १९९१ मध्ये अशा अंदाजाची एक पद्धत मांडली: सौद्याचा भाव बिड-आस्कच्या मध्याच्या वर असेल तर खरेदी, खाली असेल तर विक्री. पण ती एकेका सौद्यासाठी आहे, गठ्ठ्यासाठी नव्हे.

काही चार्ट तर कँडलचा रंग पाहूनच डेल्टा काढतात. ते ओळखणं सोपं आहे. दिवसभराच्या कँडल मागे जाऊन पाहा. प्रत्येक हिरव्या कँडलचा डेल्टा अधिक आणि प्रत्येक लाल कँडलचा उणे असेल, तर आत डोकावलेलंच नाही. खऱ्या विदेत हिरवी कँडल अधूनमधून उणे डेल्टा घेऊन येतेच, आणि फुटप्रिंट पाहायचा तो नेमका अशा कँडलसाठी.